गार लागलेली पिशवी

भागवत ढगे जळगाव जामोदचा. ऐन उमेदीची वर्षं त्यानं चर खोदले. शेतातल्या पाइपलाइनचे चर, गुडघाभर खोल, सरळ रेषेत, एका दमात ओळीच्या टोकापर्यंत. पुढे पाठ बोलायला लागली तेव्हा सौर पंप बसवणाऱ्या एका कंपनीनं त्याला सर्वेक्षणाला घेतलं. काम असं, की विहिरीपाशी जायचं, पाण्याची खोली मोजायची, फोटो काढायचे, शेतकऱ्याचा सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक यांच्या प्रती घ्यायच्या आणि सगळं कंपनीच्या लॅपटॉपमध्ये चढवायचं. सातपुड्याच्या पायथ्याच्या वाड्यांना रस्ता नाही. तिथं भागवत पायीच जायचा. मोटारसायकल ओढ्याच्या अलीकडे ठेवायची, पँट वर गुंडाळायची आणि चालायचं. दुसऱ्या कुणी अंदाजानं खोली टाकली असती. भागवत दोरी सोडून मोजायचा, दोरी ओली किती झाली ते पाहायचा.

लॅपटॉपसोबत कंपनीनं काळी, चकचकीत बॅग दिली होती. ती घरी कपाटावर पडून होती. काळी बॅग दिसली की चोराला आत काय आहे ते सांगावं लागत नाही, असं भागवतचं म्हणणं. तो लॅपटॉप न्यायचा बियाण्याच्या दुकानातून मिळालेल्या पिवळ्या चेनवाल्या पिशवीत. अशी पिशवी आमच्याकडे घरटी एक असतेच. तिच्यात भाकरी जाते, कपडे जातात, बाजारातून वांगी येतात. तिच्याकडे कोण पाहतो?

फेब्रुवारीतला सोमवार होता. भागवत अकोल्याच्या ऑफिसातून परतत होता. डोंगराकडच्या तीन वाड्यांचं सर्वेक्षण मोठ्या कॉम्प्युटरवर चढवायला बसला होता, पण ऑफिसचं नेट त्या दिवशी रडत होतं. निम्मं चढलं, निम्मं राहिलं, आणि गाडीची वेळ झाली. त्यानं आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट सुरू केलं, लॅपटॉप त्याला जोडला, पण बंद केला नाही. नुसतं झाकण मिटलं. गाडीत बसून उरलेलं चढवू, असा हिशेब.

गाडीला गर्दी होती. खिडकीशेजारच्या हुकाला एक पिवळी पिशवी आधीच टांगलेली होती. भागवतनं आपली तिच्यावरच अडकवली. खाली ठेवली तर लोक पाय देतात. हुकाखाली एक तरुण बसला होता, डोक्याचे केस नुकतेच काढलेले, डोळे लाल. तो कुणाशी बोलत नव्हता. भागवत उभाच राहिला आणि दांडीला डोकं टेकवून पेंगला.

शेगाव आलं. उतरायची घाई झाली. तरुण हुकावरची पिशवी घेऊन पुढे गेला. राहिलेली भागवतनं उचलली.

फलाटावर त्याला वाटलं, पिशवी गार आहे. चालू लॅपटॉप पिशवीत असला की कुशीला ऊब लागते, हे त्याला रोजचं माहीत. बरं झालं, बंद पडलेला दिसतो, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि तो चालायला लागला.

बसस्टँडवर त्यानं चार्जर काढायला चेन उघडली. हाताला तांब्याचा काठ लागला. आत तांब्या होता. तोंडाला लाल कापड बांधलेलं, दोऱ्याला एक चिठ्ठी. नागपूरच्या स्मशानघाटाची चिठ्ठी. मोतीराम, राहणार सोनाळा.

भागवतनं चेन लावली. पिशवी बाकावर ठेवायला गेला आणि हात मध्येच थांबला. अस्थी जमिनीला टेकवत नाहीत. बाक म्हणजे काही जमीन नव्हे, तरी ठेववेना. पिशवी हातात धरून तो स्टेशनकडे परत निघाला. चालताना आतून बारीक आवाज यायचा, सुपात गहू पाखडल्यासारखा. तो थांबला की आवाज थांबे.

रेल्वे पोलीस चौकीत शेषराव हवालदार डबा खाऊन हात धूत होते. भागवतनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता शेषरावांची नजर पिशवीवर गेली.

"थे आत नको आणू," ते म्हणाले. "भाईर त्या खिळ्याले टांग. आन् मंग ये."

"साहेब, कोनी नेली तं?"

"कोन नेते बे? काय आहे त्याच्यात, सोनं?" मग जरा आवाज खाली आणून, "नजरेसमोर राहू दे. दार उघडं ठिवतो."

पिशवी दाराबाहेर टांगली. हवालदारांनी नोंदवही ओढली. कंपनीचं नाव, लॅपटॉपचा मेक, मॉडेल. मशीनचा नंबर भागवतच्या मोबाइलमध्ये होता. लॅपटॉप ताब्यात देताना मशीनखालच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, असं ऑफिसनं बजावलं होतं, आणि त्यानं ठेवला होता.

"ब्याग कशी?"

भागवतला नियम आठवला. काळी बॅग सोडून दुसऱ्या कशात लॅपटॉप नेणं कंपनीच्या नियमात बसत नव्हतं.

"काळी लिहा," तो म्हणाला.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. दाराबाहेरच्या पिवळ्या पिशवीकडे पाहिलं, मग भागवतकडे. "काळी लिहितो. मंग आमचे लोक काळी हुडकतीन. तुयी पिवळी फिरत राहीन गावोगावी. काऊन?"

"पिवळी लिहा," भागवत म्हणाला.

पोलिसांचं झालं, तसा त्यानं अकोल्याला फोन लावला. ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं योगिनीताई पाहायची. तिशीतली बाई, आवाज कधी चढवायची नाही. तिनं कंपनीचा अहवाल मोबाइलवर पाठवला आणि फोनवर राहूनच भरून घेतला.

"मशीनचा नंबर आला. कुलूप लागलेलं होतं का? म्हणजे पासवर्डशिवाय उघडणार नाही ना?"

"नाही उघडत."

"डिस्कही कुलूपबंद आहे, ते मला इथं दिसतंय. ते ठीक. बंद केला होता की झोपवला होता?"

"झाकण लावलं होतं."

पलीकडे टायपिंगचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. "आत काय माहिती आहे?"

भागवतनं सांगितलं. आधारच्या प्रती, सातबारे, पासबुकं, विहिरींचे फोटो, मोजमापं. तीन वाड्यांची. सांगताना त्याला त्या वाड्यांतली माणसं दिसली. कागद देताना कुणी विचारलं नव्हतं, हे कुठं जाणार म्हणून. गूळ-पाणी देऊन कागद हातात ठेवले होते.

"ऑफिसमध्ये किती चढलं?"

"निम्मं."

"आता वेळ. हरवल्याचं कधी लक्षात आलं?"

"गाडीतच बदलली असन, शेगाव यायच्या आधी…"

"कधी हरवला ते नाही भागवतभाऊ. कधी कळलं ते."

त्याला फलाटावरची गार पिशवी आठवली. ते कळणं होतं का? हाताला कळलं होतं, डोक्याला नव्हतं. त्यानं बसस्टँडवरची वेळ सांगितली. बारा वाजून वीस.

"तुमचं खातं मी बंद केलं," योगिनीताई म्हणाली. "पुसण्याचा आदेशही टाकलाय. लोकांचे आधार आहेत, थांबता येत नाही. मशीनला नेट मिळालं की आदेश पोचेल आणि आतलं सगळं जाईल."

"ताई, निम्मं सर्वेक्षण आहे त्यात. पायी केलेलं."

"नेट मिळालं नाही तर काही होणार नाही. त्याआधी मशीन तुमच्या हातात आलं आणि तुम्ही मला फोन केलात, तर आदेश मागे घेते. एवढंच करू शकते."

म्हणजे वेळ होता. सोनाळ्यात त्या पोराच्या घरी कोण नेट जोडणार? पासवर्डच माहीत नाही. भागवतला हायसं वाटलं. शेषरावांनी सोनाळ्याकडच्या ओळखीच्या जमादाराला फोन लावून पाहिला, तो बंदोबस्ताला गेलेला. "तूच जा," ते म्हणाले. "तुयं त्याच्याजवळ, त्याचं तुयाजवळ. आन् आजच राख नदीत शिरवाले निघाले असतीन तं पुलावर भेटतीन." जाता जाता खिळ्यावरच्या पिशवीला त्यांनी लांबून हात जोडले.

बस भरलेली होती. भागवतला मधली जागा मिळाली. पिशवी मांडीवर. कंडक्टर आला, पिशवीच्या चेनीतून बाहेर आलेलं लाल कापड पाहिलं, आणि काही न विचारता तिकीट फाडलं. शेजारचा उठून उभा राहिला, त्याची जागा रिकामीच राहिली. वरवटपर्यंत लोक दांड्यांना लोंबकळले, पण त्या जागेवर कुणी बसलं नाही. एक म्हातारी बसायला वाकली, तिनं पिशवीकडे पाहिलं आणि सरळ झाली. "बसलेलं आहे थे," ती शेजारणीला म्हणाली.

पूर्णेचा पूल आला. बसमधल्या दोघा-चौघांनी नदीत नाणी टाकली. भागवतनं खाली पाहिलं. काठावर कुणी नव्हतं. पुलावर बस हादरली तेव्हा मांडीवरच्या तांब्यात आतून टकटक झाली, दोनदा, दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसानं करावी तशी. हाडाचे तुकडे तांब्याला लागतात, हे त्याला समजत होतं. तरी त्याच्या तोंडून शब्द गेले, "आलं, जवळ आलं."

सोनाळ्यात उतरताना पिशवीचा बंद तुटला. पिशवी तिरपी झाली. लाल कापडाची गाठ सैल पडली होती, काठाशी पांढरी राख दिसली. भागवतनं तांब्या पिशवीसकट दोन्ही हातांनी छातीशी धरला. पोटाशी पोर धरतात तसा. आता एकही हात सोडायची सोय नव्हती. चर खोदणाऱ्याला ओझं कळतं. हे ओझं जड नव्हतं, पण ते धरताना खांदे ताठ ठेवावे लागत होते, आणि ताठ धरलेले खांदे जड ओझ्यापेक्षा लवकर भरून येतात.

मोतीरामचं घर विचारावं लागलं नाही. लोकांनी त्याच्या हातांकडे पाहिलं आणि बोट दाखवलं.

अंगणात लिंब होता. दुपार कलली होती. बायका अंगणाच्या एका कोपऱ्यात गोळा होऊन बसल्या होत्या, लिंबापासून जेवढं लांब बसता येईल तेवढ्या. लिंबाच्या खालच्या फांदीला पिवळी पिशवी टांगलेली. अस्थी घरात आणत नाहीत आणि नदीवर जाईपर्यंत उघडून पाहत नाहीत. पिशवीखाली एकटी म्हातारी बसली होती. पांढऱ्या केसांची, कपाळ मोकळं. तिनं एक हात वर करून पिशवीच्या बुडाला लावला होता.

ती गोजरबाई, मोतीरामची बायको.

भागवत फाटकात उभा राहिला. अंगणात कुणी बोलत नव्हतं. मग त्याला ऐकू आलं. लिंबातून बारीक घरघर येत होती. म्हातारा माणूस झोपेत श्वास घेतो तशी, एकसुरी, मध्येच जरा वाढणारी. पानं हलत नव्हती.

"आत या," गोजरबाई म्हणाली. "भेऊ नका. दुपारी नातवानं, प्रज्वलनं टांगली तईपासून चालू आहे. ऊन बी लागते हाताले."

कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, "मामी, दूर व्हा ना तुमी तिथून."

"काऊन होऊ? दवाखान्यात मले शेवटचं भेटू नाही देल्लं. आता बोलून राह्यले तं तुमी उठा म्हनता." मग भागवतला, "दम लागे त्याइले. असाच. मी म्हटलं, जीव अडकला असन कशात. इचारलं, हरभरा निंघाला का म्हून इचारता? तं जरा जोरात झालं."

भागवतला उकल लगेच झाली. लॅपटॉप झोपलाच नव्हता. झाकणाखाली चालू राहिला होता, कोंडलेल्या पिशवीत तापला होता, आणि आतला पंखा फिरत होता. हे समजूनही त्याच्या पायांना अंगण ओलांडायला वेळ लागला.

"आजी," तो म्हणाला, "पिशव्या बदलल्या गाडीत. मोतीरामबाबा हे इथं आहेत. माझ्याजवळ. त्याच्यात माझं मशीन आहे."

गोजरबाईनं त्याच्या छातीशी धरलेल्या तांब्याकडे पाहिलं. मग फांदीकडे. हात काढला नाही.

तेवढ्यात लिंबातली घरघर वाढली.

अंगणातल्या बायका उभ्या राहिल्या. आवाज चढत गेला, पंखा पूर्ण जोरात फिरायला लागला, आणि त्याच क्षणी भागवतच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. एकदा वाजून थांबला, पुन्हा वाजला. अकोल्याहून योगिनीताईचा असणार. तिला तिथं पडद्यावर दिसलं असेल, की मशीन जागं झालं, नेटवर आलं.

आणि मग त्याला आठवलं. ऑफिसात सुरू केलेलं हॉटस्पॉट. ते त्यानं बंद केलंच नव्हतं. लॅपटॉपला त्याच्या मोबाइलची ओळख होती, आणि मोबाइल आता लिंबाखाली आला होता. सगळ्या सोनाळ्यात त्या मशीनला नेट देणारी एकच गोष्ट होती, आणि ती भागवतनं स्वतः चालत आणली होती.

"आजी, तांब्या घ्या हा. लवकर."

"मी नाही घेत बापा. ज्यानं आग देल्ली त्यानं घ्याव. प्रज्वल आंघोळीले गेला हिरीवर. येते आता."

"मग माझ्या खिशातला फोन काढा. नुसता काढून लांब फेका."

तिनं हात मागे घेतला. "सुतकात आहो आमी. तुमाले कसं शिवू?"

कोपऱ्यातल्या बायकांकडे त्यानं पाहिलं. कुणी हललं नाही. तो मागे फिरून फाटकाबाहेर गेला, दहा-वीस पावलं, तांब्या सांभाळत. पण तेवढ्यानं काय होणार होतं? आदेश पोचायला घटकाभर लागत नाही. फोन खिशात वाजत होता, छातीला धडका देत, आणि तांब्याच्या काठाशी राख त्या धडक्यांनी हलत होती.

जमीन समोर होती. शेणानं सारवलेली नव्हे, रस्त्याची, धुळीची. तांब्या तिथं टेकवला असता तर फोन बंद करायला दोन हात मोकळे होते. भागवत गुडघ्यात वाकलासुद्धा. तीन वाड्या, ओढे, ओली दोरी. त्यानं खाली पाहिलं. मग तांब्याकडे पाहिलं. मोतीराम नावाच्या माणसाला त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

तो सरळ झाला आणि परत लिंबाखाली येऊन उभा राहिला.

घरघर सुरूच होती. मध्येच तुटली, गप्प झाली, पुन्हा लागली. आदेश पोचला होता, मशीन स्वतःला पुसत बंद होऊन चालू होत होतं. पिवळ्या कापडातून, चेनीच्या फटीतून उजेडाची एक निळसर रेघ बाहेर आली आणि गोजरबाईच्या मनगटावर पडली. ती तिकडे पाहत राहिली.

प्रज्वल ओल्या अंगानं धावत आला. गाडीतला तोच तरुण. त्यानं तांब्या पाहिला, चिठ्ठी पाहिली, आणि दोन्ही हात पुढे केले. भागवतनं तांब्या दिला. खांदे खाली आले. त्यानं फोन काढून हॉटस्पॉट बंद केलं, पण तोवर फांदीवर सगळं शांत झालं होतं.

"माफ करा दादा," प्रज्वल म्हणाला. "माह्यी खाली होती, मी वरची घेतली. ध्यान नव्हतं."

"वरची माझीच होती. मीच तुमच्यावर टांगली."

पिशवी काढली. लॅपटॉपचं बूड हाताला चटका देत होतं. झाकण उघडलं तर कोरा पडदा आणि नवीन मशीन विचारतं तो प्रश्न, भाषा कोणती हवी. भागवतनं योगिनीताईला फोन केला.

"मी सहा वेळा लावला," ती म्हणाली. "तुम्ही उचलला असता तर निदान हॉटस्पॉट बंद करा म्हणून सांगितलं असतं. का नाही उचलला?"

"हात गुंतले होते."

"दोन्ही?"

"दोन्ही."

पलीकडे पुन्हा टायपिंग सुरू झालं. "अहवालात भरते. सापडला, जागा सोनाळा, माहिती पुसली गेली. बॅगेच्या रकान्यात काय लिहू?"

"पिवळी. माझीच चूक."

गोजरबाई अजून लिंबाखाली होती. प्रज्वलनं तांब्याची गाठ घट्ट केली, नवं कापड बांधलं आणि तो त्याच फांदीला टांगला. म्हातारीनं हात वर केला, तांब्याला लावला, बराच वेळ ठेवला.

"गार आहे," ती म्हणाली. मग भागवतला, "तुमच्या मशिनीत काय होतं?"

"माणसं. विहिरी. कागद त्यांचे."

"गेले?"

"हाव."

तिनं मान हलवली. "मंग माह्याशी बोलले थे कोन होते?"

प्रज्वल तिला समजावून सांगायला लागला, पंखा असतो आतमध्ये, गरम झालं की फिरतो. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "थे मले समजलं. पन हरभऱ्याचं इचारलं तईच जोरात काऊन झालं?"

भागवत पिशवीची चेन लावत राहिला. त्या वेळी तो बसमध्ये असणार, पूर्णेच्या पुलाच्या आसपास, आणि मांडीवर दोनदा टकटक झाली होती. ते त्यानं सांगितलं नाही.

दिवस मावळायच्या आत ते लोक नदीकडे गेले. भागवत बसची वाट पाहत थांबला. कंपनीनं पुढे नोटीस दिली, ती त्यानं सही करून घेतली. तिन्ही वाड्यांची कोणती निम्मी मोजमापं वाचली ते योगिनीताईनं शोधून दिलं, आणि उरलेल्यांसाठी पुढच्या आठवड्यात त्यानं पुन्हा मोटारसायकल ओढ्याच्या अलीकडे ठेवली, पँट गुंडाळली.

काळी बॅग आता तो वापरतो. लॅपटॉप बंद करतो, झाकण लावतो, हात ठेवून थांबतो. तळव्याला पूर्ण गार लागेपर्यंत थांबतो, आणि तांब्यासारखं गार लागलं की पटकन काढून घेतो.